सबटायटलची ओळ कुठे तोडायची?

सबटायटल वाचणाऱ्याला पुस्तक वाचणाऱ्याची एकही सवलत मिळत नाही. मजकूर किती वेळ समोर राहील हे त्याच्या हाती नसते. न कळलेले वाक्य पुन्हा वाचायला सवड नसते, आणि वाचता वाचता पात्रांचे चेहरेही पाहायचे असतात. पडद्यावरचे माणूस सावकाश बोलत असेल तर हे सगळे जमून जाते. बोलणे भरभर असेल तर मात्र तोच मजकूर, तेवढ्याच वेळात, एका पद्धतीने मांडला तर सहज वाचला जातो आणि दुसऱ्या पद्धतीने मांडला तर डोळा अडखळतो. फरक असतो तो ओळ कुठे संपते याचा.

वाचताना डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही. तो छोट्या उड्या मारतो आणि दर उडीनंतर क्षणभर, साधारण पाव सेकंद, थांबतो. मजकूर मेंदूपर्यंत पोचतो तो या थांब्यांमध्ये. ओळ संपली की डोळ्याला एक मोठी उडी मारून खालच्या ओळीच्या सुरुवातीला यावे लागते. त्या उडीच्या आधी हाती आलेले शब्द जुळून काही अर्थ लागला असेल, तर मन तो बाजूला ठेवून पुढे जाते. अर्थ अर्धाच असेल, तर ते अर्धवट शब्द तसेच लक्षात धरून खालच्या ओळीत त्यांचा जोडीदार शोधावा लागतो. एका ओळीपुरता हा त्रास जाणवतही नाही. पण भरभर चालणाऱ्या संवादात दर दोन-तीन सेकंदांनी नवी ओळ येते आणि तोच त्रास साचत जातो.

ओळीची लांबी मनाजोगती ठेवता आली असती तर प्रश्नच उरला नसता. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी ठेवण्याचा प्रघात आहे, कारण तिसरी ओळ चित्र खाते. ओळीत किती अक्षरे बसवायची याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने टेलिटेक्स्टसाठी ३७ अक्षरांची मर्यादा पाळली. टेलिटेक्स्टच्या पडद्यावर आडवी ४० घरे असत आणि त्यातली काही रंग वगैरे सांगणाऱ्या खुणांसाठी खर्च होत. ते तंत्र मागे पडले, पण आकडा टिकून राहिला. नेटफ्लिक्ससारख्या सेवा बहुतेक भाषांसाठी ओळीला ४२ अक्षरे धरतात. एक सबटायटल जास्तीत जास्त सात सेकंद आणि कमीत कमी सेकंदाचा पाच षष्ठांश भाग पडद्यावर राहावे, असाही त्यांचा नियम आहे. वाचनाचा वेग सेकंदाला १७ ते २० अक्षरांच्या आसपास राहावा, असे बऱ्याच भाषांच्या नियमावल्यांत सांगितलेले असते. या चौकटीत लांब वाक्य एका ओळीत बसत नाही, त्यामुळे ते तोडावेच लागते.

तोडायचे कुठे, याचे जुने आणि ढोबळमानाने खरे उत्तर असे, की जिथे बोलणारा श्वास घेतो तिथे. माणूस सलग शब्दांची माळ ओढत बोलत नाही. चार-पाच शब्दांचा एक तुकडा एका सुरात येतो, त्याच्या शेवटी सूर खाली-वर होतो, बारीकसा थांबा येतो आणि मग पुढचा तुकडा सुरू होतो. कोणी शांतपणे मोठ्याने वाचत असेल तर हे थांबे वाक्याच्या सांध्यांवरच पडतात. उपवाक्य संपले, क्रियापद आले, काळ किंवा जागा सांगणारा शब्दगट पुरा झाला, की तिथे आवाज थबकतो. ऐकणाऱ्याचे मनही त्याच तुकड्यांनी अर्थ उचलते. ओळीही त्याच सांध्यांवर तोडल्या, तर वाचणाऱ्याला ऐकणाऱ्याइतकाच आधार मिळतो.

पण भरभर बोलणारा माणूस या सांध्यांवर थांबत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. तो वाक्यांमागून वाक्ये एका दमात म्हणतो आणि दम संपेल तिथे, अगदी विशेषण आणि नामाच्या मध्येही, श्वास ओढतो. शब्द आठवत नसला तरी तो थांबतो: ‘मी काल त्या… त्या… बँकेतल्या माणसाला भेटलो.’ इथला सर्वांत लांब थांबा ‘त्या’नंतर आहे, आणि ओळ तोडायला वाक्यातली सर्वांत वाईट जागाही तीच आहे. ध्वनीच्या आलेखात शांतता दिसली की तिथे तुकडा पाडायचा, असे करणाऱ्या सॉफ्टवेअरची फसगत इथेच होते. म्हणून श्वास कोणाचा, हे आधी ठरवावे लागते. ओळीसाठी कामाचा असतो तो वाक्याचा श्वास, बोलणाऱ्याच्या छातीतला नव्हे. हेच वाक्य त्याच माणसाने निवांत बसून सांगितले असते तर तो कुठे थबकला असता, एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

फोटिओस कारामित्रोग्लू या अभ्यासकाने १९९८ मध्ये युरोपातल्या सबटायटलसाठी नियमांचा एक मसुदा मांडला. त्यात हीच गोष्ट व्याकरणाच्या भाषेत येते. वाक्य आधी मोठ्या घटकांत विभागले जाते, ते घटक लहान घटकांत, आणि ते पुढे शब्दांत. ओळ तोडताना शक्यतो सर्वांत वरच्या पातळीवरचा सांधा निवडावा आणि तो जमत नसेल तरच खालच्या पातळीवर उतरावे. कान जे सांगतो त्याच्याशी हे बहुतेक वेळा जुळते.

नियमावल्या मात्र प्रामुख्याने इंग्रजीसारख्या भाषा डोळ्यांपुढे ठेवून घडल्या, आणि मराठीत त्या जशाच्या तशा चालत नाहीत. काही बाबतीत मराठीचे काम सोपे आहे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडूनच लिहिली जातात, त्यामुळे ‘आईसाठी’ किंवा ‘घरापर्यंत’ यांचे दोन तुकडे होण्याची भीतीच नाही. हिंदीत हे शब्द सुटे लिहितात, तेव्हा ते ओळीच्या टोकाशी लोंबकळू नयेत याकडे लक्ष द्यावे लागते. ‘जो–तो’, ‘जेव्हा–तेव्हा’ या जोड्याही मराठीत आयत्या जागा देतात. ‘ज्यानं घंटा वाजवली, / त्याला पुढं बोलवा’ या वाक्यात तिरप्या रेघेजवळ ओळ तोडायला कोणालाही विचार करावा लागत नाही.

अवघड असते ते क्रियापद. मराठी वाक्याचा अर्थ शेवटपर्यंत उघडत नाही. ‘तो आईसाठी औषध आणायला बाजारात’ इथपर्यंत वाचून तो गेला, निघाला की अडकला, काहीच कळत नाही. दोन ओळींमध्ये असे झाले तर फारसे बिघडत नाही, कारण खालची ओळ त्याच क्षणी समोर असते. एक सबटायटल संपून दुसरे येते तिथे क्रियापद पलीकडे राहिले, तर वाचणारा रिकाम्या पडद्याकडे पाहत ताटकळतो. म्हणून सबटायटल शक्यतो क्रियापदावर संपवावे. आणि क्रियापद एकाहून अधिक शब्दांचे असेल तर ते फोडू नये. ‘करून टाकलं’, ‘जायला हवं’, ‘बोलत होता’ ही एकेक क्रिया आहे.

यात सर्वांत धोक्याचा शब्द म्हणजे ‘नाही’. ‘तुझे पैसे मी बुडवणार’ एवढ्यावर सबटायटल संपले आणि ‘नाही’ पुढच्यात आले, तर सेकंदभर प्रेक्षकाने उलटाच अर्थ घेतलेला असतो. गंभीर प्रसंगात यावर हशा पिकतो. संख्यांचेही तसेच आहे: ‘त्यानं पाच / हजार मागितले’ असे तोडले, तर डोळा ‘पाच’वर एक अर्थ लावतो आणि लगेच तो पुसतो.

उभयान्वयी अव्ययांच्या बाबतीत इंग्रजीचा नियम सोपा आहे: जोडणारा शब्द खालच्या ओळीत न्यावा. मराठीत ‘पण’, ‘आणि’, ‘कारण’ यांना तो लागू पडतो, कारण बोलतानाही थांबा त्यांच्या आधी येतो. ‘की’ आणि ‘तर’ मात्र मागच्या शब्दाला चिकटून उच्चारले जातात. ‘तो म्हणाला की’ नंतर आवाज थबकतो, आधी नाही. ‘पाऊस पडला तर / सामना होणार नाही’ हेही तसेच. ‘की’ने सुरू होणारी ओळ व्याकरणदृष्ट्या चूक नसते, पण मोठ्याने वाचली की ती कानाला खटकते. ‘सुद्धा’, ‘फक्त’, ‘ना’ असे शब्द ज्याच्यावर जोर देतात त्याच्याजवळ ठेवले की पुरते.

आता एक वाक्य पूर्ण तोडून पाहू. लग्नाला उशिरा पोचलेली बाई सात सेकंदांत, एका दमात सांगते: ‘काल रात्री आमची गाडी घाटात बंद पडली म्हणून आम्ही तिथंच थांबलो आणि सकाळी मेकॅनिक आल्यावर निघालो पण पोचेपर्यंत लग्न लागून गेलं होतं.’ वाक्यात बावीस शब्द आहेत. ४२ अक्षरे भरली की पुढची ओळ, एवढाच नियम संगणकाला दिला तर ते असे तुटते:

```
1
00:12:04,000 --> 00:12:07,360
काल रात्री आमची गाडी घाटात बंद पडली म्हणून
आम्ही तिथंच थांबलो आणि सकाळी मेकॅनिक

2
00:12:07,440 --> 00:12:11,040
आल्यावर निघालो पण पोचेपर्यंत लग्न लागून
गेलं होतं
```

पहिली ओळ बरोबर ४२ अक्षरांची आहे. कसे मोजले हे सांगायला हवे, कारण मराठी वाचकाच्या हिशेबाने ती इतकी लांब भरणार नाही. संगणक काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त या प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर मानतो आणि मोकळी जागाही मोजतो. ‘काल रात्री आमची गाडी घाटात बंद पडली’ यात बाराखडीच्या हिशेबाने सतरा अक्षरे आहेत, आणि संगणकाच्या हिशेबाने पस्तीस. त्यामुळे ४२ ची मराठी ओळ पडद्यावर तेवढ्याच अक्षरांच्या इंग्रजी ओळीपेक्षा बहुधा आखूड दिसते.

या मांडणीत पहिली ओळ तशी वाईट नाही. ‘म्हणून’ हा दोन्हीकडचा शब्द आहे. ‘बंद पडली म्हणून’ असे एका सुरात म्हटले तर तो मागच्या उपवाक्याचा असतो आणि थांबा त्याच्यानंतर येतो. ‘बंद पडली’वर सूर उतरला तर तो पुढच्या उपवाक्याचा. इथे व्याकरण निर्णय देत नाही, बोलणारीचा सूर ऐकूनच ठरवावे लागते. खरी मोडतोड पुढे आहे. ‘सकाळी मेकॅनिक’ एवढ्यावर पहिले सबटायटल विझते, आणि तोपर्यंत मेकॅनिक वाक्यात काय करतो आहे याचा पत्ता नसतो. दुसऱ्या सबटायटलमध्ये ‘लागून’ वर राहते, ‘गेलं होतं’ खाली पडते आणि एक क्रियापद दोन ओळींत विभागले जाते.

तोच मजकूर, तेच टाइमकोड, पण सांध्यांवर तोडलेला:

```
1
00:12:04,000 --> 00:12:07,360
काल रात्री आमची गाडी घाटात बंद पडली,
म्हणून आम्ही तिथंच थांबलो,

2
00:12:07,440 --> 00:12:11,040
आणि सकाळी मेकॅनिक आल्यावर निघालो,
पण पोचेपर्यंत लग्न लागून गेलं होतं.
```

चारही ओळी क्रियापदावर संपतात आणि प्रत्येक ओळीत एक घटना आहे. स्वल्पविरामांसकट पहिल्या सबटायटलमध्ये ६२ आणि दुसऱ्यात ६८ अक्षरे आहेत, म्हणजे वेग सेकंदाला अठरा-एकोणीस अक्षरांचा. तो वरच्या टोकाजवळचा असला तरी वाचता येण्याजोगा आहे. पहिल्या मांडणीतही सरासरी वेग जवळपास हाच होता, पण पहिल्या सबटायटलमध्ये तो सेकंदाला तेवीस अक्षरांच्या वर गेला होता आणि दुसऱ्यात तेराच्या आसपास होता. नुसती ओळीतली अक्षरे मोजणाऱ्या तपासणीत मात्र दोन्ही सबटायटल पास झाली असती. दोन सबटायटलच्या मध्ये ठेवलेला ८० मिलिसेकंदांचा मोकळा वेळ म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने दोन फ्रेम. एवढ्या अंतराने मजकूर बदलल्याचे डोळ्याला कळते. अंतर नसेल, तर जवळजवळ सारख्या आकाराची नवी ओळ जुन्या ओळीच्या जागी कधी आली हे चटकन ध्यानात येत नाही.

या चांगल्या मांडणीवरही एक आक्षेप घेता येतो. दुसरे सबटायटल आले की दोन्ही ओळी एकदम दिसतात, आणि लग्न लागून गेल्याची गोष्ट बाईच्या तोंडून बाहेर पडायच्या आधीच प्रेक्षकाने वाचलेली असते. प्रसंग विनोदी असेल आणि तिथे हसू अपेक्षित असेल, तर शेवटची ओळ वेगळे, तिसरे सबटायटल म्हणून द्यावी. तिला दोन सेकंदांच्या आसपास वेळ मिळाला तर ती वाचून होते. कसबी माणूस इथे चित्र पाहून ठरवतो.

हीच बाई आणखी घाईत असती आणि साडेपाच सेकंदांत सगळे बोलून मोकळी झाली असती, तर वेग सेकंदाला तेवीसच्या वर गेला असता. मग ओळी कितीही नीट तोडल्या तरी भागत नाही आणि मजकूर कमी करावा लागतो. मराठीत त्यासाठी पहिला हात सर्वनामांना लावता येतो, कारण कर्त्याची खूण बहुधा क्रियापदातच असते. ‘थांबलो’ म्हणणारी बाई आहे, आणि एकटी असती तर ती ‘थांबले’ म्हणाली असती. म्हणजे ‘आम्ही’ न लिहिताही कळते. ‘काल रात्री गाडी घाटात बंद पडली, / म्हणून तिथंच थांबलो’ आणि ‘सकाळी मेकॅनिक आल्यावर निघालो, / पण पोचेपर्यंत लग्न लागून गेलं’ असे केले, तर एकूण अक्षरे सुमारे ११० होतात आणि वेग विसावर येतो. सांधे जिथल्या तिथे राहतात. कर्णबधिर प्रेक्षकांसाठीच्या सबटायटलमध्ये मात्र अशा काटछाटीबद्दल मतभेद आहेत. इतरांना ऐकू जाते ते सगळे आपल्याला वाचायला मिळावे, असा अनेकांचा आग्रह असतो, आणि तो रास्त आहे. थोडेफार ऐकू येणाऱ्यांना आणि ओठांवरून शब्द ओळखणाऱ्यांना गाळलेला शब्द लगेच खुपतो. त्यामुळे कात्री चालवायची ती वेग खरोखरच हाताबाहेर गेल्यावर.

ओळी कुठे तोडल्या याने खरेच किती फरक पडतो, हे प्रयोगांनी तपासले गेले आहे आणि उत्तर वाटते तितके एकतर्फी नाही. इटलीतल्या एलिसा पेरेगो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नामाचे शब्दगट मधूनच तोडलेली सबटायटल प्रेक्षकांना दाखवली. समजण्यात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. २०१८ मध्ये ओलिव्हिया गेर्बर-मोरोन, अग्निएष्का शार्कोव्स्का आणि बेन्सी वोल यांनी इंग्रजी, पोलिश आणि स्पॅनिश भाषकांवर, तसेच कर्णबधिर प्रेक्षकांवर नजरेचा माग घेणारे प्रयोग केले. वाक्यरचनेला न जुमानता तोडलेल्या ओळी वाचताना मनावर जास्त ताण येतो असे त्यांना आढळले, पण गोष्ट समजण्यात तूट आली नाही. म्हणजे प्रेक्षक जास्तीचे कष्ट घेऊन अर्थ लावतोच. दोन-चार मिनिटांच्या चित्रफितीत ते कष्ट निभतात. दोन तासांच्या चित्रपटात ते किती साचत असतील, याचा अंदाज अशा छोट्या प्रयोगांतून नीट येत नाही.

थेट प्रक्षेपणात प्रश्न आणखी वेगळा होतो. तिथे मजकूर तयार होईल तसा एकेक शब्द पडद्यावर उमटत जातो, आणि डोळा पुढच्या शब्दाची वाट पाहत खालीच खिळून राहतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यात पिलार ओरेरो आणि पाब्लो रोमेरो-फ्रेस्को हे संशोधक होते, असा एकेक शब्द दाखवण्याची तुलना शब्दगटाने किंवा वाक्याने एकदम दाखवण्याशी केली गेली. तुकड्यांनी दाखवलेला मजकूर वाचायला कमी वेळ गेला आणि चित्र पाहायला जास्त मिळाला. त्यासाठी शब्द थोडे रोखून धरावे लागतात आणि सबटायटल आणखी उशिरा येते. बातम्यांत तो उशीर परवडतो, क्रिकेटच्या समालोचनात परवडेलच असे नाही.

तोडलेल्या ओळी तपासायच्या सोप्या युक्त्या आहेत. आवाज बंद करून पाहावे. मूळ संवाद कानावर पडत असेल तर अडखळणारी ओळही सुरळीत वाटते, कारण तिचा अर्थ कानाने आधीच पुरवलेला असतो. दुसरी युक्ती म्हणजे खालची ओळ हाताने झाकणे. उरलेली ओळ वाचून चुकीचा अर्थ निघत असेल, किंवा शेवटचा शब्द उघडा पडल्यासारखा वाटत असेल, तर सांधा चुकला आहे. ज्याने ओळी तोडल्या त्याला त्या तोंडपाठ झालेल्या असतात, म्हणून हे काम दुसऱ्याकडून करून घेतलेले बरे.

इतके करूनही प्रेक्षकाच्या पडद्यावर ओळी तशाच दिसतील याची खात्री नसते. फोनवर अक्षरांचा आकार वाढवलेला असेल तर काही प्लेअर लांब ओळ स्वतःच मोडतात आणि दोनाच्या तीन किंवा चार ओळी होतात. तेव्हा विचारपूर्वक केलेला मूळ तोडही तसाच राहतो आणि मध्येच एकेका शब्दाच्या ओळी लटकतात. देवनागरीत याला जोडून आणखी एक अडचण येते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, मात्रा, रफार एकमेकांना भिडतात, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते, आणि ते न सोडणारे प्लेअर पुष्कळ आहेत. म्हणून प्रामुख्याने फोनवर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठी ४२ ची मर्यादा पुरती न वापरता ओळी तिशीच्या आसपास ठेवलेल्या बऱ्या. वरच्या उदाहरणातल्या काटछाट केलेल्या चारही ओळी एकतीस किंवा त्याहून कमी अक्षरांच्या आहेत.